आत काय घडतंय ते आधी ठरवा, मग कॉरिडॉर लिहा

प्रश्न: "एक कथा लिहितेय. नवऱ्याच्या डोक्यातल्या गाठीचं ऑपरेशन चालू आहे आणि बायको रात्रभर कॉरिडॉरमध्ये बसून आहे, एवढीच गोष्ट. वाचणारे म्हणतात काही घडतच नाही, नुसत्या आठवणी आहेत. पण तिला आतलं काही कळतच नाही, तर घडवू काय? शेवटी डॉक्टर बाहेर येऊन 'आम्ही खूप प्रयत्न केले' म्हणतात, तेही फिल्मी वाटतंय म्हणे."

मी मेंदूच्या शस्त्रक्रियांसाठी भूल देते आणि कथाही लिहिते, त्यामुळे या दाराच्या दोन्ही बाजू मला ओळखीच्या आहेत. तुमच्या वाचकांना आठवणींचा कंटाळा आलेला नाही, असं मला वाटतं. आत काय चाललंय हे तिला माहीत नाही, ते योग्यच आहे. पण ते बहुधा तुम्हालाही माहीत नाही, आणि वाचकाला ते जाणवतं. आतल्या प्रत्येक तासाला काय होतंय हे लिहिणाऱ्याने ठरवलेलं नसलं की कॉरिडॉरमधली रात्र सपाट होते. दहाची वेळ आणि दोनची वेळ यांत फरक उरत नाही. मग पानं भरायला लग्नाची आठवण येते, पहिल्या पावसाची येते, आणि त्या कुठेही टाकल्या तरी चालतात. कुठेही टाकलेल्या चालतात, म्हणून त्या रिकाम्या वाटतात.

अशा रात्री घडतं ते एकाच जागी: आत एक गोष्ट होते आणि बाहेर तिची खूण उशिरा पोचते. अनेकदा अर्धवट पोचते, कधी चुकीचा अर्थ घेऊन पोचते. हा उशीर हाच तुमच्या कथेचा कणा करा. त्यासाठी आधी आतलं घड्याळ हवं, आणि ते कुठली गाठ आहे यावर अवलंबून असतं.

'डोक्यातली गाठ' एवढ्यावर कथा उभी राहत नाही. मेंदूच्या आवरणातून वाढलेली गाठ, मेंदूच्या पेशींतूनच वाढलेली गाठ आणि पिट्युटरी ग्रंथीची गाठ, या तिघींच्या रात्री वेगवेगळ्या असतात. पिट्युटरीची बरीच ऑपरेशनं नाकातून दुर्बिणीने होतात आणि काही तासांत आटोपतात. मेंदूच्या पेशींतली गाठ असेल तर ऑपरेशन पार पडलं तरी खरी बातमी काही दिवसांनी पॅथॉलॉजीच्या अहवालातून येते, म्हणजे कॉरिडॉरची रात्र त्या गोष्टीचा मध्य होते, शेवट होत नाही. शिवाय ठरवून केलेली ऑपरेशनं सकाळी सुरू होतात. रात्रभर ऑपरेशन चालू आहे असं लिहिलं की माझ्यासारख्या वाचकाच्या मनात पहिला प्रश्न येतो, रात्री का? डोक्यातला दाब अचानक वाढला, गाठीत रक्तस्राव झाला, अशी तातडी असू शकते. पण तातडीत सगळं घाईने होतं आणि बायकोला आधीचं काही माहीत नसतं. तुमच्या कथेला लांबलेली, संथ रात्र हवी आहे.

म्हणून मी तुमच्या जागी असते तर अकूस्टिक न्यूरोमा निवडला असता. कानातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेच्या आवरणावर वाढणारी ही गाठ आहे. ती कॅन्सरची नसते, सहसा सावकाश वाढते, पण मोठी झाली की ब्रेनस्टेमवर, म्हणजे श्वास आणि शुद्ध सांभाळणाऱ्या भागावर, दाबू लागते. मोठ्या गाठीचं ऑपरेशन आठ, दहा, बारा तासही चालू शकतं. आणि कथेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचं म्हणजे चेहरा हलवणारी नस याच गाठीला चिकटलेली असते. मरतो की वाचतो एवढाच प्रश्न असला की कथेला दोनच शेवट उरतात आणि वाचक दोन्ही आधीच ओळखतो. इथे तिसरा प्रश्न मिळतो: तो बाहेर येईल, पण कुठल्या चेहऱ्याने?

या गाठीमुळे आठवणींनाही काम मिळतं. तिची सुरुवात बहुतेकदा एका कानाने कमी ऐकू येण्यापासून होते. इतकी हळू, की माणसालाही कळत नाही. तो फोन दुसऱ्या कानाला लावू लागतो. रस्त्याने चालताना बायको नकळत त्याच्या उजव्या बाजूला यायला लागते, कारण डावीकडून बोललेलं तो ऐकत नाही, आणि आधी ती समजते की हा लक्ष देत नाही. त्यावरून भांडणंही झालेली असतात. आता कॉरिडॉरमध्ये बसून तिला ती भांडणं आठवली तर ती नुसती आठवण राहत नाही. गाठ तेव्हाही तिथे होती, आपण त्याला ओरडत होतो तेव्हा ती वाढत होती, हे ती त्या रात्री पहिल्यांदा जुळवते. तुमच्या मसुद्यातल्या आठवणी याच कसोटीला लावा. जी आठवण गाठीमुळे आज वेगळी दिसते ती ठेवा, बाकीच्या काढा.

आता आतलं घड्याळ. रात्रीचं कारण आधी देऊ. ऑपरेशन सकाळी आठला ठरलं होतं. पहाटे अपघातातला एक रुग्ण आला आणि टेबल अडलं. पुढच्या आठवड्यावर ढकलता आलं असतं, पण याचा तोल जाऊ लागलाय, डोकेदुखी आणि उलट्या वाढल्यात, म्हणून सर्जन थांबायला तयार नाहीत. दुपारी दोनला त्याला आत नेतात. आत जाण्याआधी त्याचा चष्मा, अंगठी, चपला एका पिशवीत घालून तिच्या हातात देतात. ही पिशवी रात्रभर तिच्याकडे राहणार आहे, हे लक्षात ठेवा, पण तिच्यावर फार काव्य करू नका.

दार बंद झालं की तिचं मोजणं सुरू होतं. दोन वाजून पाच मिनिटांनी ऑपरेशन सुरू झालं, असं तिला वाटतं. खरं तर पहिला छेद जायला अजून दीड-दोन तास असतात. भूल दिल्यावर आम्ही श्वासनळीत नळी घालतो, मनगटाच्या धमनीत एक बारीक नळी घालतो म्हणजे रक्तदाब ठोक्यागणिक दिसत राहतो, लघवीची नळी घालतो. मग चेहऱ्याच्या स्नायूंत, डोळ्याच्या कडेला आणि ओठाजवळ, बारीक सुयांचे इलेक्ट्रोड बसवले जातात. डोकं तीन टोकांच्या चिमट्यात घट्ट धरलं जातं. ती टोकं कातडीतून कवटीच्या हाडावर टेकतात, कारण सूक्ष्मदर्शकाखाली काम करताना डोकं केसभरही हलून चालत नाही. त्याला कुशीवर वळवून, खालचा खांदा, कोपर, गुडघे यांच्याखाली गाद्या लावण्यात बराच वेळ जातो. दहा तास एकाच कुशीवर राहायचं असतं. खांद्याखालची गादी दोन बोटं इकडे-तिकडे झाली तर शुद्धीवर आल्यावर माणूस डोक्यापेक्षा खांद्याचीच तक्रार करतो.

कथेत याचा उपयोग असा. चार वाजता ती मनात म्हणते, दोन तास झाले, निम्मं तरी आलं असेल. त्याच मिनिटाला आत कानामागचे केस काढून कातडीवर खूण करणं चाललंय. हे तुम्ही कथेत सांगायचं नाही. पण तुम्हाला ठाऊक असलं की तुम्ही तिला चार वाजता कोणाचा तरी फोन घ्यायला लावाल, ती 'चालू आहे, निम्मं झालंय' असं सांगेल, आणि सहा वाजता एक सिस्टर जाता जाता म्हणेल, 'आत्ता कुठे कवटी उघडलीय.' तिच्या चार तासांचं एका वाक्यात काहीच उरत नाही. ही घटना आहे. हिच्यासाठी कोणी मरावं लागत नाही, कोणी रडावंही लागत नाही.

सहापासून साडेनऊपर्यंत आत काम वेगाने पुढे जातं. कवटीचा छोटा तुकडा काढलेला असतो, आवरण उघडून मेंदूभोवतीचं पाणी वाहू दिलेलं असतं, त्यामुळे लहान मेंदू सैल पडतो आणि गाठ दिसू लागते. सर्जन गाठीच्या पोटात शिरतात आणि तिला आतून पोकळ करत जातात. ध्वनिलहरींनी गाठ फोडून ओढून घेणारं एक यंत्र असतं, त्याचा संथ आवाज आत चालू असतो. याच टप्प्यात गाठीचा तुकडा घाईच्या तपासणीसाठी पॅथॉलॉजीकडे जातो. गोठवून पातळ काप काढून तपासलं जातं आणि अर्ध्या-पाऊण तासात प्राथमिक उत्तर येतं. अकूस्टिक न्यूरोमात प्रत्येक वेळी हे करतातच असं नाही, कारण स्कॅनवरून निदान बहुधा पक्कं असतं, पण केलं तर त्यात वावगं काही नाही.

हा तुकडा दारातून बाहेर येतो, आणि कॉरिडॉरमधली सर्वांत मोठी घटना मला तीच वाटते. नेणारा माणूस लगबगीने चाललेला असतो. हातात छोटी झाकणाची डबी, तिच्यावर चिकटवलेलं लेबल. अशा तपासणीचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये घालत नाहीत, तसाच ताजा, ओलसर ठेवून नेतात, म्हणूनच ती लगबग. तिने ते लेबल वाचलं तर? मी हा प्रसंग साधारण असा लिहीन:

"दार उघडलं तशी ती उठली. हिरव्या कपड्यांतला मुलगा तिच्याकडे न बघता पुढे गेला. त्याच्या हातातल्या डबीवर पांढरं लेबल होतं, त्यावर बॉलपेनने नवऱ्याचं नाव, आडनाव आधी, मग वय. वय एका वर्षाने चुकलं होतं. तिला ते सांगावंसं वाटलं. मुलगा जिन्याकडे वळला आणि तिच्या लक्षात आलं की डबीत काहीतरी आहे. ती पुन्हा बसली. पिशवी मांडीवर घेतली. वाढदिवस गेल्याच आठवड्यात झाला, म्हणून चुकलं असेल, असं तिने ठरवलं."

इथे तिला काय वाटतं हे मी लिहिलं नाही. चुकलेल्या वयाला ती धरून बसते, कारण डबीत काय आहे याचा विचार तिला करायचा नाही. तुमच्या मसुद्यात अशा जागी 'तिच्या काळजाचा ठोका चुकला' असं काही लिहिलेलं असेल तर ते पुसा आणि तिच्या डोळ्यांना एखादी लहान, खरी, तपासता येण्यासारखी गोष्ट द्या.

रात्री आठ-नऊच्या सुमारास पाळी बदलते. संध्याकाळपर्यंत तिला ओळखणारी, 'बसा तुम्ही, काही असलं तर मी सांगते' म्हणणारी सिस्टर घरी जाते. नवीन आलेलीला ही बाई कोणाची ते माहीत नसतं. लेखकांच्या नजरेतून हा क्षण नेहमी सुटतो. तिला आपल्या नवऱ्याचं नाव, कुठलं ऑपरेशन, केव्हा आत नेलं, हे सगळं पहिल्यापासून एका अनोळखी माणसाला सांगावं लागतं. आणि सांगताना पहिल्यांदाच ती ते मोठ्याने बोलते. तिच्या तोंडून नवऱ्याच्या आजाराची माहिती वाचकाला द्यायची असेल तर ती इथे द्या, म्हणजे ती माहिती वाटणार नाही.

साडेनऊनंतर आतलं काम मंदावतं. गाठीचा मोठा भाग निघालेला असतो, राहिलेला असतो तो चेहऱ्याच्या नसेला आणि ब्रेनस्टेमला चिकटलेला पापुद्रा. शेवटचा हा थोडा भाग काढायला आधीच्या सगळ्या गाठीपेक्षा जास्त वेळ लागू शकतो. मोठ्या गाठीवर ही नस नसेसारखी गोल दिसत नाही. ती ताणली जाऊन, ओल्या कागदासारखी पातळ होऊन गाठीच्या पुढच्या अंगावर पसरलेली असते. सर्जनना ती मागून दिसतही नाही, ती कुठे आहे ते शोधत जावं लागतं. त्यासाठीच चेहऱ्यात सुया लावलेल्या असतात. नसेला धक्का लागला, ती ताणली गेली, की चेहऱ्याचा स्नायू किंचित आकसतो आणि यंत्रातून तडतड आवाज येतो. तो आला की सगळे थांबतात. सर्जन हात मागे घेतात, कोमट पाणी सोडतात, वाट बघतात, दुसऱ्या बाजूने सुरुवात करतात.

भूल देणाऱ्याची या काळात एक वेगळी कसरत असते. स्नायू ढिले करणारं औषध एरवी आम्ही सर्रास वापरतो. इथे सुरुवातीला नळी घालण्यापुरतं थोडं दिलं की नंतर द्यायचं नाही, कारण स्नायूच बधिर असतील तर नसेचा आवाज कसा येणार? म्हणजे डोकं चिमट्यात जखडलेला हा माणूस फक्त झोपेच्या आणि वेदनेच्या औषधांवर निश्चल ठेवायचा. तो खोकला तर मान आणि कवटी दोन्हींना इजा होऊ शकते. म्हणून त्या तासांत नजर औषधाच्या पंपावरून हलत नाही. सगळं खेळीमेळीत चाललेलं असतं तेव्हा सर्जनच्या आवडीची गाणी लागलेली असतात, आणि नसेवर काम सुरू झालं की कोणीतरी न सांगता ती बंद करतं.

बाहेर या चार तासांत काहीही येत नाही. निरोप येत नाही, डबी येत नाही, कोणी रक्त मागत नाही. आत सर्वांत नाजूक काम चाललंय आणि बाहेर सर्वांत मोकळा वेळ आहे, हा विरोध तुमच्या कथेचा मध्य आहे. इथे घाई करू नका. साडेनऊ ते दीड हा भाग कथेत एका परिच्छेदात आटपलात तर रात्र गेलीच नाही असं वाटेल. पण तो भरायला नवीन पात्रंही आणू नका. शेजारच्या बाकावर आयुष्याचं सार सांगणारी म्हातारी अशा कथांत फार येते. तिला बाहेर ठेवा. त्यापेक्षा बायकोला ऑपरेशनआधीचं ते बोलणं आठवू द्या, कारण या चार तासांत आत नेमकं त्याच बोलण्याचं पालन चाललेलं आहे.

ते बोलणं असं असतं. ऑपरेशनच्या आधी सर्जन रुग्णाला विचारतात, साधारण अशा शब्दांत: 'नसेला चिकटलेला शेवटचा तुकडा सगळा काढायला गेलो तर चेहरा वाकडा व्हायचा धोका वाढतो. थोडा ठेवला तर चेहरा वाचण्याची शक्यता जास्त, पण दर काही महिन्यांनी, मग वर्षांनी स्कॅन करत राहावं लागेल, आणि तो वाढला तर किरणोपचार किंवा पुन्हा ऑपरेशन.' हा वाद जुना आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकन सर्जन हार्वे कुशिंग गाठ आतून पोकळ करून तिचं आवरण तसंच ठेवत, कारण सगळी काढायला गेलं की रुग्ण दगावत. त्यांच्याच हाताखाली शिकलेले वॉल्टर डँडी मात्र गाठ मुळापासून काढावी या मताचे होते. आज सूक्ष्मदर्शक आहे, नसेचा आवाज ऐकवणारं यंत्र आहे, तरी प्रत्येक मोठ्या गाठीशी हा प्रश्न पुन्हा समोर येतो.

आणि त्याचं उत्तर नवऱ्याने दिलेलं असतं. समजा त्याने म्हटलं, 'सगळी काढा, पुन्हा इथे यायचं नाही.' समजा बायकोला वाटत होतं की थोडी राहू द्यावी, पण ती सर्जनसमोर काही बोलली नाही. किंवा उलट. ती बोलली, आणि तिच्यासाठी त्याने मत बदललं. कथा इथे आहे. तुमच्याकडे आधीपासून होती, फक्त ती रात्रीबाहेर राहून गेली होती. ही एक गोष्ट ठरवलीत की आठवणी, भांडणं, पिशवी, डबी सगळं आपोआप तिच्याभोवती गोळा होईल.

इथेच एक इशारा. मध्यरात्री सर्जन बाहेर येऊन बायकोला विचारतात, 'नस वाचवू की गाठ काढू?' असा प्रसंग लिहिण्याचा मोह होईल. तो टाळा. तिथे जे दिसतं ते बाहेर बसलेल्या माणसाला दोन मिनिटांत समजावून त्याच्याकडून निर्णय घेणं शक्य नसतं आणि न्याय्यही नसतं. म्हणून हे सगळं आधी बोलून घेतात आणि उरलेलं सर्जनच्या निर्णयावर सोडलेलं असतं. तुमच्या नायिकेला रात्री कोणी काही विचारत नाही. तिचा निर्णय आधीच होऊन गेलाय आणि आता त्यात बदल करता येत नाही, हे मला त्या बनावट प्रश्नापेक्षा कितीतरी जड वाटतं.

दीडच्या सुमारास नसेवरचं काम संपतं. सर्जन ब्रेनस्टेमजवळच्या टोकाशी नसेला अगदी कमी वीज देऊन बघतात. ०.०५ मिलिअँपिअर इतक्या कमी विजेलाही चेहरा प्रतिसाद देत असेल तर पुढे चेहरा चांगला राहील अशी आशा धरता येते. मग रक्तस्राव पूर्ण थांबला की नाही ते बघणं, कानामागच्या हाडातल्या हवेच्या पोकळ्या मेणाने बंद करणं म्हणजे मेंदूभोवतीचं पाणी नाकाकडे झिरपणार नाही, आवरण शिवणं, हाड बसवणं, टाके. सव्वा ते दीड तास सहज जातो. त्यानंतर चिमटा काढणं, उताणं करणं, भूल उतरवणं. गिळण्याच्या आणि खोकण्याच्या नसाही तिथून जवळच जातात, म्हणून तो नीट खोकतो की नाही याची खात्री नसेल तर नळी सकाळपर्यंत तशीच ठेवतात.

तुमच्या शेवटासाठी हे महत्त्वाचं आहे. सर्जन बाहेर येतात ते बहुधा टाके घालणं दुसऱ्याकडे सोपवून. म्हणजे 'झालं' हा शब्द तिला अडीचला ऐकू येतो आणि तो तिला दिसतो पाचला. हे अडीच तास बहुतेक कथांमध्ये नसतातच. ती उठते, पिशवी घेते, दाराजवळ उभी राहते, पंधरा मिनिटं उभी राहते, मग पुन्हा बसते. झालं म्हणाले, मग आणत का नाहीत? आधीच्या बारा तासांत न आलेली भीती इथे येऊ शकते.

आता डॉक्टरांचं वाक्य. 'आम्ही खूप प्रयत्न केले' फिल्मी वाटतं, कारण त्यात माहिती काहीच नाही. सात-आठ तास सूक्ष्मदर्शकात पाहून आलेला माणूस मोठं वाक्य बोलत नाही. मास्क गळ्यात असतो, नाकावर त्याचा वळ उमटलेला असतो, आणि तो तीन-चार गोष्टी ठरलेल्या क्रमाने सांगतो. साधारण असं: 'गाठ निघाली. नसेवर एक पातळ पापुद्रा ठेवलाय, तो काढला असता तर नस गेली असती. नस शाबूत आहे. चेहऱ्याचं आज काही सांगता येणार नाही, सुरुवातीला वाकडा दिसू शकतो. डाव्या कानाने ऐकू येणार नाही. अर्ध्या-एक तासात आयसीयूत नेतील.' यातलं कुठलं वाक्य तिने ऐकलं आणि कुठलं तिच्यापर्यंत पोचलंच नाही, हे तुम्ही ठरवा. माझा अनुभव असा की 'पापुद्रा ठेवलाय' ऐकल्यावर लोक पुढचं ऐकत नाहीत. आणि नवऱ्याने 'सगळी काढा' म्हटलेलं असेल तर तुमच्या नायिकेला आता हे त्याला सांगावं लागणार आहे.

पाचला ती त्याला बघते तेव्हा डोक्याच्या पट्टीपेक्षा ज्यांची तिला कोणी कल्पना दिली नव्हती अशा गोष्टी लिहा. कपाळावर केसांच्या कडेला चिमट्याच्या टोकाची बारीक जखम. ओठाजवळ सुयांचे लाल ठिपके. पापण्यांवर चिकटपट्टीचा गोंद. खालच्या खांद्यावर दहा तासांच्या दाबाचा लालसर वण. ती विचारते, कपाळाला काय लागलं? आणि सिस्टरला ते इतकं नेहमीचं असतं की ती म्हणते, 'ते काही नाही.'

मग सर्जन किंवा आमच्यापैकी कोणी त्याला म्हणतं: डोळे घट्ट मिटा. दात दाखवा. चेहऱ्याची नस चालते का ते पलंगाशी असंच बघतात. डावा डोळा पूर्ण मिटला नाही तर त्यात थेंब, मलम, रात्री पापणीवर पट्टी, हे त्याच दिवसापासून सुरू होतं, कारण न मिटणारा डोळा कोरडा पडून बुबुळाला जखम होते. पण पहाटे चेहरा हलला म्हणून सुटलो असं नाही. आज चांगला हलणारा चेहरा काही दिवसांनी सुजेमुळे मंदावू शकतो, आणि आज वाकडा दिसणारा, नस शाबूत असेल तर, महिन्यांनी सुधारू शकतो. म्हणून त्या पहाटे तुम्ही वाचकाला पक्कं उत्तर दिलंत तर ते खोटं ठरेल. मी कथा या तपासणीच्या मध्येच थांबवली असती: सर्जन 'दात दाखवा' म्हणतात, तो डाव्या कानाने ऐकत नाही म्हणून त्याला समजत नाही, आणि ती सवयीने त्याच्या उजव्या बाजूला जाऊन तेच वाक्य पुन्हा म्हणते. तो काय दाखवतो ते लिहिलं नाही तरी चालेल.

त्याचा मृत्यूच हवा असेल तर एवढं लक्षात घ्या की या ऑपरेशनात टेबलावर माणूस दगावणं फार विरळा आहे. घात होतो तो बहुधा नंतर: ऑपरेशनच्या जागी रक्त साठतं, तिथे जागा अपुरी असल्यामुळे ब्रेनस्टेमवर दाब येतो, आणि जागा झालेला, बोललेला माणूस काही तासांत पुन्हा गुंगीत जातो. त्याची पहिली खूण असते वाढत जाणारी सुस्ती, आणि ती अनेकदा सर्वांत आधी जवळ बसलेल्या माणसाच्याच लक्षात येते. तेव्हा असा शेवट करायचा असेल तर कॉरिडॉरमधली रात्र सुखरूप पार पडू द्या, तिला सकाळी घरी जाऊन अंघोळ करून येऊ द्या, आणि दुपारी आयसीयूत ती सिस्टरला सांगेल की सकाळी हे माझ्याशी बोलले होते, आता हाक मारली तरी नीट उत्तर देत नाहीत.